राजीनाम्यानंतरची मनाई: नॉन-सॉलिसिटेशनचे कलम कसे लिहावे?

भोसरीतला एक मध्यम आकाराचा कारखाना कल्पनेत आणू. तिथे डस्ट कलेक्टर आणि त्यांच्या फिल्टर बॅगा तयार होतात. चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत त्याची साठेक गिऱ्हाइके आहेत. त्यांतली बावीस एका विक्री अभियंत्याच्या हाती आहेत. खरेदी खात्यातल्या माणसांना तो नावाने ओळखतो. कोणत्या कंपनीची एएमसी कधी संपते, कुणाला बॅगा लवकर बदलाव्या लागतात, कोण दरावर अडून बसते, हे सगळे त्याला तोंडपाठ आहे. चार वर्षांनी तो राजीनामा देतो आणि चाकणच्या एका स्पर्धक कंपनीत जायचे ठरवतो. रिलीव्हिंग लेटरबरोबर त्याला नेमणूक पत्रातल्या चौदाव्या कलमाची आठवण करून दिली जाते:

‘नोकरी संपल्यानंतर तीन वर्षे कर्मचारी भारतात कुठेही कंपनीच्या आजी, माजी किंवा संभाव्य ग्राहकाशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यवहार करणार नाही, तसेच कंपनीच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला नोकरी देणार नाही. ही बंधने वाजवी आहेत हे कर्मचाऱ्यास मान्य आहे.’

हा कारखाना आणि हा अभियंता काल्पनिक आहेत. कलम मात्र तसे नाही. अशा वळणाची वाक्ये शेकडो नेमणूक पत्रांत सापडतात. एका कंपनीच्या फाइलमधून दुसऱ्या कंपनीच्या फाइलमध्ये ती जशीच्या तशी उतरत जातात आणि सही करणाराही ती बहुधा वाचत नाही. मालकाला वाटते आपले गिऱ्हाईक सुरक्षित झाले. कर्मचाऱ्याला वाटते आता तीन वर्षे पोटावर पाय. न्यायालयात गेल्यावर दोघांचाही अंदाज चुकण्याची शक्यता मोठी असते. मालकाची काळजी मात्र खोटी नाही. त्याच्या पैशावर जोडलेले संबंध उद्या त्याच्याच विरुद्ध वापरले जाऊ शकतात. या काळजीपुरतेच नेमके बंधन घालता येते का, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पासून सुरू होते. कुणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा व्यापार करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, असे हे कलम सांगते. त्याला कायद्यातच दिलेला अपवाद एकच: धंद्याचे नाव आणि पत विकताना विकणाऱ्याने ठरावीक हद्दीत तोच धंदा न करण्याचे दिलेले वचन. या कलमाची भाषा न्यूयॉर्कसाठी डेव्हिड डडली फील्ड यांनी तयार केलेल्या नागरी संहितेच्या मसुद्यातून आली. न्यूयॉर्कने तो मसुदा स्वीकारला नाही. कॅलिफोर्नियाने मात्र स्वीकारला, आणि म्हणूनच या बाबतीत भारताचा कायदा इंग्लंडपेक्षा कॅलिफोर्नियाच्या जास्त जवळ आहे.

इंग्लंडमध्ये न्यायाधीश पाहतात की बंधन वाजवी आहे का: किती काळ, किती प्रदेश, किती कामे. भारतात नोकरी संपल्यानंतर धंदा करू नको, असे सांगणाऱ्या कराराला ही कसोटी लावतच नाहीत. १८८५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे ब्रह्मपुत्रा टी कंपनीचे प्रकरण आले. नोकरी संपल्यावर पाच वर्षे, ४० मैलांच्या आत स्पर्धा करायची नाही, अशी अट होती. काळ ठरलेला होता, अंतरही ठरलेले होते. तरी ती टिकली नाही. कायदा आयोगाने १९५८ च्या आपल्या तेराव्या अहवालात वाजवी बंधनांना जागा द्यावी, असे सुचवले होते. कलम २७ मात्र आजही तसेच आहे.

नोकरी चालू असतानाची गोष्ट वेगळी. तिचा पाया घातला गेला तो कल्याणच्या एका प्रकरणात. सेंच्युरी रेयॉनने टायर कॉर्ड यार्नचे तंत्र परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर आणले होते. निरंजन शंकर गोलिकरी यांनी तिथे शिफ्ट सुपरवायझर म्हणून मार्च १९६३ पासून पाच वर्षांचा करार केला आणि १९६४ मध्येच ते कोटा येथील राजस्थान रेयॉनमध्ये गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरची मनाई कायम ठेवली. मात्र ती कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती आणि त्याच प्रकारच्या उत्पादनाच्या कामापुरती होती. दुसरे कुठलेही काम करायला ते मोकळे होते.

याच्या उलट बाजूला झहीर खानचे प्रकरण आहे. परसेप्ट डी’मार्क या कंपनीशी त्याचा २००० साली तीन वर्षांचा करार झाला. करार संपल्यावरही दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला, तर तो आधी परसेप्टला दाखवायचा आणि तेवढेच पैसे द्यायची संधी तिला द्यायची, अशी त्यात अट होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपलीकडे जाणारी ही अट कलम २७ खाली टिकत नाही, असे म्हणून कंपनीला मनाई हुकूम नाकारला. म्हणजे करार ज्या दिवशी संपतो, तो दिवस ही मोठी सीमारेषा आहे.

मग त्या रेषेपलीकडे गिऱ्हाईक फोडण्याला मनाई करताच येत नाही का? येते. पण मनाई कामाला नसावी, स्वतःहून जाऊन गळ घालण्याला असावी. स्पर्धक कंपनीत नोकरी करू नकोस, हे एक बंधन. माझ्या गिऱ्हाइकाकडे जाऊन त्याला माझ्यापासून तोडू नकोस, हे दुसरे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ च्या डेसिकंट रोटर्स प्रकरणात ही दोन्ही बंधने एकाच करारातून वेगळी काढली. नोकरी सोडून गेलेल्या मार्केटिंग मॅनेजरला स्पर्धक कंपनीत काम करण्यापासून रोखायला न्यायालयाने नकार दिला. जुन्या कंपनीच्या ग्राहकांकडे आणि पुरवठादारांकडे स्पर्धेतले काम मागायला जाण्याची मनाई मात्र चालू ठेवली. २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एम्बी सॉफ्टवेअरच्या प्रकरणात याच धर्तीवर विचार केला.

‘गळ घालणे’ म्हणजे नेमके काय, याचे चांगले उत्तर मद्रास उच्च न्यायालयाने एफ. एल. स्मिथ आणि सेकन इन्व्हेसकास्ट यांच्यातल्या वादात दिले. हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे न्यायालय म्हणाले. प्रतिवादी स्वतः ग्राहकाकडे गेला आणि त्यामुळे काम फिरले, हे दाखवावे लागते. ग्राहकानेच विचारणा केली आणि त्याला कोटेशन दिले, एवढ्याने सॉलिसिटेशन होत नाही. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले होते की, ग्राहकांची नावे आणि फोन नंबर ठाऊक असणे हे काही आपोआप व्यापारी गुपित होत नाही, आणि गुप्ततेच्या नावाखाली कर्मचाऱ्याला जखडून ठेवता येत नाही.

शब्दांच्या आडून कामालाच मनाई केली तर काय होते, हे जून २०२५ मध्ये दिसले. डॅफोडिल सॉफ्टवेअरचा एक अभियंता तिच्या ग्राहक संस्थेच्या, म्हणजे सरकारी डिजिटल इंडिया कॉर्पोरेशनच्या, प्रकल्पावर काम करत होता. राजीनामा देऊन तो त्या संस्थेतच रुजू झाला. कंपनीच्या ग्राहकांकडे तीन वर्षे काम करायचे नाही, अशी अट त्याच्या करारात होती. खालच्या न्यायालयाने त्याला मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती उठवली. गिऱ्हाईक फोडण्याच्या पोशाखात आलेली ती नोकरीचीच मनाई होती.

हे सगळे मनात ठेवून भोसरीच्या चौदाव्या कलमाकडे परत पाहिले, की त्याचे दोष एकेक करून उघडे पडतात.

पहिला दोष ‘व्यवहार करणार नाही’ या शब्दांत आहे. वाळूजच्या एखाद्या कंपनीने आपणहून नव्या कंपनीला फोन केला आणि हा अभियंता फोनवर आला, तरी कलम मोडले असे त्याचे म्हणणे. मग त्या कंपनीचा निवडीचा हक्कही बुडतो आणि अभियंत्याचे कामही. इंग्लंडमध्ये ‘नॉन-डीलिंग’ नावाची अशी कलमे असतात आणि वाजवी असल्यास टिकतातही. भारतात मात्र ती कलम २७ च्या फार जवळ जातात. म्हणून मसुद्यात क्रियापद बदलावे लागते: ‘व्यवहार करणार नाही’ऐवजी ‘स्वतःहून पुढाकार घेऊन मागणी मिळवण्यासाठी संपर्क साधणार नाही’.

दुसरा दोष ‘आजी, माजी किंवा संभाव्य ग्राहक’ या शब्दांत. संभाव्य ग्राहक म्हणजे महाराष्ट्रातला प्रत्येक कारखाना. माजी म्हणजे दहा वर्षांपूर्वी एकदाच बॅग घेतलेलाही. ज्या अडतीस गिऱ्हाइकांना या अभियंत्याने कधी पाहिलेही नाही, त्यांच्याबाबत मालकाचे कोणते हित त्याच्या हातून धोक्यात येणार? कंपनीने जपायचा तो त्याच्यामार्फत जोडलेला संबंध. त्यामुळे यादी त्याच बावीस जणांची हवी. त्यातही शेवटच्या १२ महिन्यांत ज्यांच्याशी त्याने प्रत्यक्ष काम केले तेवढेच. समजा बावीसपैकी चार कंपन्यांनी दीड वर्षापासून काहीच घेतले नाही आणि त्यांच्याशी बोलणीही चालू नाहीत, तर यादी अठरावर येते. मनाई वस्तूंपुरतीही बांधावी. हा माणूस उद्या सौर पॅनेल विकू लागला आणि त्याच अठरा कंपन्यांकडे गेला, तर जुन्या मालकाचे काही बिघडत नाही.

तिसरा प्रश्न काळाचा. तीन वर्षे का? मसुदा करणाऱ्याकडे याचे उत्तर नसेल, तर न्यायाधीशांकडेही नसणार. काळ मोजायचा तो धंद्याच्या चक्रावरून. नवा विक्री अभियंता नेमायला दोन-तीन महिने लागतात. त्याला अठरा कारखाने पायाखाली घालायला आणखी काही महिने. एएमसी वर्षाची असते, म्हणजे १२ महिन्यांत प्रत्येक गिऱ्हाइकाशी नूतनीकरणाची एक फेरी पूर्ण होते. ती फेरी नव्या माणसाने सांभाळली, की जुन्या ओळखीचा जोर ओसरतो. तेव्हा या कारखान्यासाठी १२ महिने समजावून सांगता येतात, ३६ येत नाहीत. जिथे मागणी दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने निघते तिथे सहा महिनेही पुरतात. नोटीस पिरियडमध्ये कंपनीने कर्मचाऱ्याला घरी बसवून ग्राहकांपासून दूर ठेवले असेल, तर तेवढे महिने १२ मधून वजा करण्याची तरतूद न्याय्य दिसते.

प्रदेशाच्या बाबतीत सर्वांत जास्त गफलत होते. ‘पुणे जिल्ह्यात डस्ट कलेक्टर विकणार नाही’ हे वाक्य ‘भारतात कुठेही’पेक्षा पुष्कळ सौम्य वाटते. पण ते ब्रह्मपुत्रा टी कंपनीच्या ४० मैलांचेच भावंड आहे. त्यात ग्राहक नाही, नुसती हद्द आहे. आणि हद्दीतल्या धंद्याला मनाई म्हणजे धंद्यालाच मनाई. लहान हद्द घातल्याने अशी अट वाचत नाही. नॉन-सॉलिसिटेशनमध्ये प्रदेशाचे काम उलटे असते. ठरलेल्या ग्राहकांची यादी त्याने आणखी आवळायची. एखाद्या मोठ्या वाहन कंपनीचे चाकणलाही युनिट असते आणि चेन्नईलाही. अभियंत्याचा संबंध चाकणच्या खरेदी खात्याशी. प्रदेश लिहिला नाही, तर चेन्नईचे युनिटही मनाईत ओढले जाते. तीन जिल्ह्यांतल्या नेमक्या युनिटांचे उल्लेख केले, की हा घोळ मिटतो.

हे बदल घेऊन कलम नव्याने असे लिहिता येईल. प्रत्यक्षात असे करार बहुतेक इंग्रजीत होतात. आशय मात्र हाच राहील:

‘नोकरी संपल्याच्या तारखेपासून १२ महिने कर्मचारी परिशिष्ट अ मधील ग्राहकांकडे डस्ट कलेक्टर, फिल्टर बॅगा किंवा त्यांच्या देखभालीचे काम कंपनीच्या स्पर्धेत मिळवण्यासाठी स्वतःहून संपर्क साधणार नाही, तसा संपर्क दुसऱ्याकरवी साधणार नाही, आणि त्या ग्राहकांना कंपनीशी असलेला करार मोडण्यास प्रवृत्त करणार नाही. नोकरी संपण्यापूर्वीच्या १२ महिन्यांत कर्मचाऱ्याने कंपनीच्या वतीने ज्यांच्याशी प्रत्यक्ष व्यवहार केला, अशीच पुणे, नाशिक व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील युनिटे परिशिष्ट अ मध्ये असतील. स्पर्धक कंपनीत नोकरी करणे, जाहीर निविदा भरणे, सर्वांसाठी असलेली जाहिरात करणे आणि ग्राहकाने स्वतःहून केलेल्या विचारणेस उत्तर देणे यांस या कलमाने मनाई नाही.’

शेवटचे वाक्य मालकांना खटकते. आपणच वाट मोकळी का करून द्यायची, असे त्यांना वाटते. पण कलमाचा कणा तेच आहे. कर्मचाऱ्याची रोजीरोटी कुठेही अडत नाही, हे त्यातून कागदावरच दिसते आणि कलम २७ चा पहिला घाव चुकतो. जुन्या मसुद्यातले ‘बंधने वाजवी आहेत हे मान्य’ हे वाक्य मात्र खुशाल काढून टाकावे. कायद्याने रद्द ठरणारी अट कर्मचाऱ्याने मान्य केली म्हणून जिवंत होत नाही.

कर्मचारी पळवण्याचे कलम स्वतंत्र लिहिलेले बरे. इथे विप्रो आणि बेकमन कुल्टर यांचा २००६ चा दिल्लीतला निकाल उपयोगी पडतो. विप्रो ही बेकमनची भारतातली जुनी वितरक. एकमेकांची माणसे ओढायची नाहीत, असा दोन्ही कंपन्यांमध्ये करार होता आणि तो संपल्यावरही दोन वर्षे लागू होता. बेकमनने भारतात स्वतःचा कारभार थाटायचे ठरवले आणि वृत्तपत्रात जाहिरात दिली. तिच्या मजकुराचा रोख तिच्याच उत्पादनांवर काम केलेल्या माणसांकडे होता, आणि अशी माणसे प्रामुख्याने विप्रोकडेच होती. न्यायालयाने या जाहिरातीला सॉलिसिटेशन मानले. हे कलम कंपनीवर बंधन घालते, कर्मचाऱ्यांवर नाही, म्हणून ते कलम २७ मध्ये अडकत नाही, असेही ठरवले. जे आधीच गेले होते त्यांच्या नोकऱ्या काढून घेतल्या नाहीत. त्यांच्याबाबत नुकसानभरपाईचा मार्ग दाखवला, आणि पुढे असे आवाहन करायला मनाई केली.

भोसरीच्या कलमातले ‘कोणत्याही कर्मचाऱ्याला नोकरी देणार नाही’ या कसोटीवर टिकत नाही. ज्या फिटरने सही केलेली नाही, ज्याला या कलमाचा पत्ताही नाही, त्याची दुसरीकडची नोकरी त्यात बुडते. त्याऐवजी ‘सोबत काम केलेल्या विक्री व सेवा विभागातील कर्मचाऱ्यांना १२ महिने राजीनामा देण्यास उद्युक्त करणार नाही’ एवढे पुरे. फिटरने स्वतः जाहिरात वाचून अर्ज केला, तर कुणीच दोषी नाही.

वर आलेले सॉलिसिटेशनबद्दलचे निकाल उच्च न्यायालयांचे आहेत, आणि अशी प्रकरणे शेवटी कलमाच्या शब्दांवर आणि पुराव्यावर उभी राहतात. बहुतेक मालक हरतात ते पुराव्याच्या टप्प्यावर. गिऱ्हाईक गेले, एवढेच त्यांना दाखवता येते; ते कुणी बोलावल्यामुळे गेले, हे दाखवता येत नाही. इथे कामाला येतो तो पहिला निरोप. अठरापैकी एका कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला अभियंत्याने व्हॉट्सॲपवर ‘तुमची एएमसी मार्चमध्ये संपते, आमचा दर पाहा’ असे लिहिले, तर पुढाकार कुणाचा हे उघड आहे. लिंक्डइनवर त्याने ‘नव्या कंपनीत रुजू झालो’ एवढेच टाकले आणि अधिकाऱ्याने स्वतः विचारणा केली, तर चित्र पालटते. असे निरोप न्यायालयात द्यायचे, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. नुसत्या स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नये.

दर, सवलती, नफ्याचे गणित यांचे संरक्षण मात्र या कलमावर ढकलू नये. त्यासाठी गुप्ततेचे वेगळे कलम असते, आणि कोणती माहिती गुप्त हे त्यात नाव घेऊन लिहावे लागते. ‘कलम मोडल्यास दहा लाख रुपये’ अशा आकड्यानेही काम सोपे होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारातली रक्कम ही वरची मर्यादा असते. न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देते, म्हणून अठरा ग्राहकांच्या मागील वर्षाच्या खरेदीवरून काढलेला आकडा हवेतल्या आकड्यापेक्षा बरा. वेळही महत्त्वाचा. मनाई १२ महिन्यांची आणि मालक दाव्याला आठव्या महिन्यात गेला, तर मनाई हुकमात फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून खरे काम नेमणुकीच्या दिवशी संपत नाही. रुजू होताना परिशिष्ट अ कोरेच असते. ते भरले जाते हँडओव्हरच्या दिवशी. आमच्या अभियंत्याच्या शेवटच्या आठवड्यात मनुष्यबळ विभागाचा अधिकारी आणि तो समोरासमोर बसतात, कंपनीच्या नोंदींवरून अठरा युनिटे निवडतात, चार वगळतात. प्रत्येक नावासमोर शेवटच्या व्यवहाराची तारीख आणि मनाई संपण्याची तारीख लिहिली जाते. दोघांच्या सह्यांची एक प्रत त्याच्या हाती पडते. अठरांपैकी कुणाकडून विचारणा आली, तर ती मेलवर मागून ठेवायची, हे त्याला तिथेच सांगितले जाते. दुसऱ्या दिवसापासून तो चाकणच्या कंपनीत बसून उरलेल्या सगळ्या कारखान्यांना बिनधास्त फोन लावू शकतो.